गाळ, गळती आणि मुख्य अभियंता

"पाण्याला एकच भाषा कळते, आणि ती म्हणजे हुकमाची," चीफ म्हणाले. "ज्यानं आयुष्यभर नद्या अडवल्या, त्याच्यापुढं या पेलाभर पाण्याची काय बिशाद?"

पेलाभर पाण्यानं वाद घातला नाही. ते कॉफी मशीनच्या तोंडाशी अडकवलेल्या, पूड भरायच्या हँडलच्या कडेनं गोळा झालं, त्याच्या दोन धारा झाल्या, आणि त्यातली एक चीफच्या वर केलेल्या हाताच्या बाहीत शिरून थेट कोपरापर्यंत गेली. पाणी चांगलंच गरम होतं. चीफ ओरडले नाहीत. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेली माणसं भाजल्यावर आधी ओरडत नाहीत, आधी आजूबाजूला कोण आहे ते बघतात.

बायको होती. तिच्या गळ्याला मफलर होता, कारण कालपासून तिचा घसा बसला होता. आवाज फुटत नसल्यामुळे ती जे बोलायची ते कुजबुजून, मोजकं आणि नेमकं. चीफना वाटलं होतं की बसलेल्या घशामुळे घरात जरा शांतता नांदेल. उलटच झालं. पूर्वी ती दहा वाक्यं बोलायची, त्यातली नऊ त्यांना कानाआड करता यायची. आता ती एकच बोलायची आणि ते नेमकं दहावं असायचं.

"पुसा," ती कुजबुजली.

चीफनी ओटा पुसला.

हे कॉफी मशीन त्यांना मुलीनं निवृत्तीच्या दिवशी दिलं होतं. ऑफिसनं शाल आणि घड्याळ दिलं, पण चीफना खरी किंमत कळली ती मशीनचीच, आणि तीही महिनाभरानं. निवृत्त माणसाला घरात जागा नसते, ही गोष्ट कुठल्याच सेवापुस्तिकेत लिहिलेली नाही. दिवाणखान्यात बसावं तर बायकोच्या भिशीच्या मैत्रिणी. झोपायच्या खोलीत बसावं तर "अहो, उठा, गादी झटकायचीय." गॅलरीत कुंड्या. जेवणाच्या टेबलावर शिवणाचं मशीन. ज्या माणसाच्या एका सहीनं सात गावं उठली होती, त्या माणसाला आता कोणीही येऊन उठवत होतं.

मग ओट्याच्या टोकाला, सिंकच्या अलीकडे, मशीनला दीड हात जागा मिळाली. बायकोनं ती सहजासहजी दिली नव्हती. पण दिली. आणि चीफना ऑफिस मिळालं. सकाळी अंघोळ करून, केस विंचरून, पायात चपला घालून ते तिथं जाऊन उभे राहायचे. मशीनचं बटण दाबायचे. दिवा लागायचा. आयुष्यात काहीतरी त्यांच्या हुकमानं सुरू व्हायचं. तिथून त्यांना कोणी उठवत नव्हतं, कारण मुळात तिथं बसायलाच जागा नव्हती.

पहिला महिना मशीन उत्तम चाललं. त्यानंतर चीफनी त्यात सुधारणा केल्या.

आता स्थिती अशी होती की बटण दाबलं की पंप असा खडखडायचा, जणू पत्र्याच्या डब्यात कोणी खडे घालून हलवतंय. कॉफी यायची ती भस्सकन, पिवळट, पांचट, धुतलेल्या तपेलीच्या पाण्यासारखी. आणि बाकीचं पाणी हँडलच्या कडेनं बाहेर पडून ओट्यावरून बायकोच्या पिठाच्या डब्याकडे निघायचं.

"मिस्त्रीला फोन करते," बायको म्हणाली होती.

"मिस्त्री!" चीफ असं म्हणाले, जसं एखाद्यानं झुरळाला पंक्तीला बोलावलं असावं. "तो येणार, चार स्क्रू काढणार, तीन बसवणार, आणि म्हणणार, काका, पंप गेला. मी या लोकांना ओळखून आहे. हाताखाली पाचशे होते माझ्या."

"त्यातला एखादा बोलवा."

मिस्त्री नको असण्याचं खरं कारण चीफनी स्वतःलासुद्धा पूर्ण सांगितलं नव्हतं. मिस्त्री आला आणि म्हणाला, मशीनला काही झालेलं नाही, वापरणाऱ्यालाच कळत नाही, तर? आणि तेही बायकोसमोर?

पण बायकोनं सकाळीच शेवटचा इशारा दिला होता. आज दुपारी तिची ताई आणि भावोजी येणार होते. त्यांच्यासमोर मशीन धड चाललं तर ओट्यावर राहील. नाही चाललं, तर ते जायच्या आत मिस्त्रीला फोन जाईल, तो मशीन घेऊन जाईल. "आणि एकदा ओट्यावरून उतरलं," ती कुजबुजली, "की पुन्हा चढायचं नाही. मला पोळपाट ठेवायला जागा नाहीये."

म्हणजे दीड हात जागा जाणार होती. नवरा मग शिवणाच्या मशीनखाली बसला काय आणि कुंडीत बसला काय.

भावोजी, म्हणजे चीफचे साडू, वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्यभर त्यांनी दुकानदारांच्या तराजूंकडे संशयानं पाहिलं आणि ती नजर पुढं डोळ्यातच राहिली. जेवायला वाढलेल्या पोळीकडेही ते अशा नजरेनं बघायचे, की वाढणाऱ्याला वाटावं, आपण पोळीत काटा मारला. खिशात सतत पत्त्यांच्या कॅटाएवढा एक छोटा वजनकाटा. चीफ त्यांना मनात तागडी म्हणायचे. नद्या अडवणाऱ्या माणसानं मापं तपासणाऱ्या माणसाशी बरोबरीनं बोलायचं म्हणजे फारच झालं, पण दोघांच्या बायका बहिणी असल्यामुळे इलाज नव्हता.

तागडी ताईंना घेऊन वेळेच्या आधी आले. बूट काढले, ते जोडीनं सरळ लावले, आणि सरळ स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले.

"काय म्हणतंय धरण?"

"कुठलं धरण?"

"हेच. फुटलंय म्हणे."

चीफनी बायकोकडे पाहिलं. घसा बसला तरी बहिणीच्या फोनला तो पुरला होता तर.

"फुटलेलं नाही," चीफ म्हणाले. "तपासणी चालू आहे."

"चालवा की मग. बघू."

चीफनी बटण दाबलं. पंप खडखडला. ताई दिवाणखान्यातून ओरडल्या, "अगं छोटे, बाहेर रस्ता खोदतायत का?" हँडलच्या कडेनं पाणी आलं. कपात पिवळं काहीतरी पडलं. तागडींनी कप उचलला, उजेडाकडे धरला.

"यातनं माझी अंगठी दिसतेय."

"भेसळ नाही, याचा तो पुरावा," चीफ म्हणाले.

"नाचता येईना..." बायको कुजबुजली, आणि घसा वाचवण्यासाठी पुढचं सोडून दिलं.

"अंगण खरंच वाकडं आहे!" चीफ उसळून म्हणाले. "ओट्याला सिंककडे उतार आहे. मी स्वतः मोजलाय. गवंड्यानं..."

आणि चीफ अर्ध्यावर थांबले. कारण ओटा वाकडा आहे हे त्यांना कसं कळलं, तेव्हा त्यांनी काय केलं, आणि पंप कधीपासून खडखडतोय, या तीन गोष्टी आजवर त्यांच्या डोक्यात तीन वेगवेगळ्या फायलींत होत्या. त्या आत्ता, साडूसमोर, एकमेकींवर येऊन आदळल्या.

झालं होतं असं. मशीनच्या मागच्या बाजूला पाण्याची टाकी असते. ती पारदर्शक असते, तिच्यावर कमाल पातळीची आडवी रेघ असते, आणि बुडाला एक झडप असते. टाकी खाचेत नीट दाबून बसवली की मशीनची एक छोटी नळी त्या झडपेला वर ढकलते आणि पाण्याची वाट उघडते. टाकी काढली की झडप आपोआप मिटते, म्हणजे पाणी सांडत नाही. साधी गोष्ट. पण चीफच्या डोळ्याला एक गोष्ट सलायला लागली. ओट्याला उतार असल्यामुळे पाण्याची पातळी त्या रेघेशी समांतर राहत नव्हती. एका बाजूला पाणी रेघेवर, दुसऱ्या बाजूला रेघेच्या खाली. इतर कोणाच्या ध्यानात आलं नसतं, आणि आलं असतं तरी त्यानं कॉफी प्यायली असती. पण ज्या माणसानं आयुष्यभर पाण्याची पातळी आणि रेघ यांचाच संसार लावला, त्याला रोज सकाळी तिरकं पाणी बघवेना. त्यानं टाकीच्या एका बाजूला, खाचेत, पुठ्ठ्याची पाचर बसवली. पाणी रेघेला समांतर झालं. चीफ त्या दिवशी फार शांत झोपले.

पुठ्ठा म्हणजे त्यांची जुनी व्हिजिटिंग कार्डं. निवृत्तीनंतर दोन खोके उरले होते.

आता टाकी एका बाजूनं उचलली गेली की झडप अर्धीच उघडणार. झडप अर्धी उघडली की पंपाला पाणी पुरणार नाही. पाणी पुरलं नाही की तो हवा ओढणार. आणि हवा ओढणारा पंप खडखडतो, हे चीफनी कितीतरी शेतकऱ्यांना अत्यंत तुच्छतेनं समजावून सांगितलं होतं.

"काय झालं? दातखीळ बसली का?" तागडी म्हणाले.

"विचार करतोय."

"सवय ठेवायला हवी होती."

चीफनी चेहरा कोरा ठेवला. दोष सापडला होता. त्यांची पंचाईत वेगळीच होती. दोषाच्या अंगावर त्यांचं नाव, हुद्दा आणि कार्यालयाचा फोन नंबर छापलेला होता, आणि तो सगळ्यांच्या देखत बाहेर काढायचा होता.

"सगळ्यांनी जरा मागं व्हा," ते म्हणाले. "विजेचं काम आहे."

"आधी प्लग काढा," बायको कुजबुजली.

चीफनी प्लग काढला. मग मशीनला पाठीशी घालून, म्हणजे अक्षरशः पाठीशी घालून, टाकी उचलली. कार्डं ओली होऊन लगदा झाली होती. त्यांनी ती मुठीत घेतली आणि मूठ लेंग्याच्या खिशात घातली. खिसा लगेच ओला झाला. त्यांनी खाच बोटानं चाचपली, टाकी पुन्हा बसवली आणि वरून दाबली. खट्. हा आवाज त्यांनी कित्येक आठवड्यांत ऐकला नव्हता.

"काय केलंत?" तागडींनी विचारलं.

"दाबाचं संतुलन."

"कशानं?"

"अनुभवानं."

टाकी बसली तरी पंपात आणि नळीत शिरलेली हवा काही आपण होऊन निघून जाणार नव्हती. हे चीफना कळत होतं, आणि कळत असल्याचा त्यांना अचानक भयंकर आनंद झाला. प्लग लावला. बाजूच्या वाफेच्या नळीखाली पातेलं ठेवलं, गरम पाण्याचा कॉक उघडला, पंप चालू केला. नळीनं आधी फुर्रर्र केलं, मग खाकरली, मग थुंकली, आणि मग सलग पाणी यायला लागलं. पाणी सलग झालं तसा पंपाचा आवाजही उतरत गेला. खडखडाटाची घरघर झाली, घरघरीची गुणगुण. चीफनी कॉक बंद केला.

दिवाणखान्यातून ताई ओरडल्या, "रस्ता झाला वाटतं!"

"हवा अडकली होती," चीफ सहज म्हणाले. "मिस्त्रीनं याला पंप गेला म्हटलं असतं."

"हवा शिरली कुठून पण?" तागडी म्हणाले. हा माणूस आयुष्यभर तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं मेण शोधत हिंडला होता. त्याला 'कुठून'चा नाद होता.

"हवा सगळीकडेच असते हो, निरीक्षकसाहेब."

चीफनी पुन्हा हँडल भरलं. आवाज गेला होता, पण कॉफी पूर्वीइतकीच पिवळी आली, आणि कडेनं पाणीही पूर्वीइतकंच निघालं. उलट पंपात आता जोर आल्यामुळे जास्तच निघालं. ते पिठाच्या डब्यापर्यंत पोचलं. बायकोनं डबा उचलला, खाली ठेवला आणि मोबाईल हातात घेतला.

"थांब," चीफ म्हणाले.

"थांबलेच आहे. महिनाभर."

"गळतीवर क्षार काढायचं औषध लागेल," तागडी म्हणाले. "नाहीतर व्हिनेगर ओता. सगळं साफ होतं. आमच्या शेजाऱ्यांनी बादलीचा नळ..."

"हा बादलीचा नळ नाही!" चीफ म्हणाले. "आणि क्षार साचले की धार बारीक होते. इथं धार भसाभस येतेय. धार जोरात असताना नळी तुंबली म्हणणारा इन्स्पेक्टर मी आजच पाहिला."

या वेळी चीफ बरोबर होते. बरोबर असण्याची त्यांची अडचण अशी, की त्यांना पुढचंही कळत गेलं. धार भसाभस येते, कारण पाण्याला वाटेत कोणी अडवत नाही. अडवायचं काम कॉफीच्या पुडीचं. ती पूड जाडी आहे. आणि ती जाडी का आहे?

कारण गाळ.

चीफच्या चाकरीतला सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे गाळ. धरणं बांधायची तीस वर्षांत आणि गाळानं ती भरायची दहात. गाळ या शब्दानं ते झोपेत दचकायचे. मशीन महिनाभर चालल्यावर एक दिवस त्यांनी कॉफीची पूड बोटांत घेऊन चोळली. मैद्यासारखी मऊ. ही पूड जाळीत गाळासारखी बसणार, भोकं बुजवणार, मशीनचा गळा आवळणार, हे त्यांना लख्ख दिसलं. त्यांनी मशीनबरोबर आलेल्या, कॉफीच्या बिया दळायच्या दळणयंत्राची कडी जाड्या बाजूला फिरवली. थोडी नाही, पार शेवटापर्यंत. आणि आठवड्याची पूड एकदम दळून डब्यात भरून ठेवली, कारण रोज रोज दळत बसायला ते काही गिरणीवाले नव्हते. जाड्या पुडीतून पाणी भसकन निघून जायला लागलं, कॉफी पांचट झाली, तेव्हा त्यांनी आणखी पूड कोंबायला सुरुवात केली. हँडलमधली वाटी शिगोशीग भरायची, वरून दाबायची, पुन्हा भरायची. भरलेलं हँडल मशीनला पूर्ण फिरेना. तेव्हा दोन हातांनी, दात ओठ खाऊन...

म्हणजे गळतीसुद्धा त्यांचीच.

चीफनी खिशातल्या लगद्यावर हात ठेवला. एका मशीनला तीन आजार आणि तिन्हींचा कर्ता एक. मिस्त्री आला असता तर घरी जाऊन बायकोला सांगून हसला असता.

"दोन मिनिटं," ते म्हणाले. "आता खरं काम."

"मघाचं कुठलं होतं?" तागडी म्हणाले. पण त्यांचा हात खिशाकडे गेला. वजनकाटा बाहेर आला. ओट्यावर त्यांनी तो पुसून ठेवला, वर रिकामी बशी ठेवून शून्यावर आणला, आणि चीफना हँडल नेहमीसारखं भरून ती पूड बशीत काढायला लावली. "चोवीस ग्रॅम. वाटी किती मापाची?"

वाटीच्या कडेवर बारीक आकड्यात अठरा कोरलेलं होतं. ते वाचायला तागडींनी चष्मा कपाळावर ढकलला, आणि वाचल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर असा प्रकाश पडला, की चीफना भाजलेलं कोपर पुन्हा दुखायला लागलं.

"सहा ग्रॅमनं जास्त. चोराला आम्ही कमी मापासाठी पकडायचो. जास्त मापाचा चोर आज पहिल्यांदा बघितला. अहो, पोत्यात माणूस कोंबल्यासारखं कोंबलंय तुम्ही. हँडल बसेल कसं?"

"नवीन माणसाला तसं वाटतं," चीफ म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

त्यांनी मशीन बंद केलं, प्लग काढला, तोंड निवू दिलं. ताईसुद्धा येऊन दारात उभ्या राहिल्या होत्या. मग चीफनी नळ घासायचा जुना ब्रश घेतला, मान वाकडी करून मशीनच्या तोंडात पाहिलं. वर रबरी रिंग होती. हँडलची कड या रिंगवर घट्ट बसली की पाणी बाहेर येत नाही. रिंगच्या खाचेत महिनाभराची कॉफी काळी, कडक होऊन बसली होती, डांबरासारखी. गाळ! ज्या गाळाला भिऊन हे सगळं केलं, तो इथं साचला होता, आणि तोही कोंबल्यामुळे सांडलेला.

ब्रशनं घासताना काळे तुकडे त्यांच्या चष्म्यावर पडत होते. रिंग त्यांनी बोटानं दाबून पाहिली. मऊ होती, तडा नव्हता. तडा असता, दगडासारखी झाली असती, तर नवी घालावी लागली असती. ओल्या फडक्यानं रिंग पुसली, जाळी पुसली, हँडलची कड पुसली. एवढी सेवा त्यांनी सख्ख्या वडिलांची केली नव्हती.

आता दळणयंत्र. ते फिरवलं की आवाज होणार, आणि आवाज झाला की डब्यात आठवड्याची पूड असताना पुन्हा का दळताय, हा प्रश्न येणार.

प्रश्न आलाच. "डब्यातली काय वाईट आहे?" तागडींनी विचारलं.

"पाहुण्यांना शिळं देत नाही आम्ही."

बायकोच्या एका भुवईनं वर जाऊन चौकशी केली आणि खाली आली. शिळं कोणाला देतात, हे तिला ठाऊक होतं.

चीफनी कडी एकदम बारीक टोकाला नेली. माणूस एका टोकाची चूक दुसऱ्या टोकाला जाऊन दुरुस्त करतो, यालाच अनुभव म्हणतात. अठरा ग्रॅम तागडींनी मोजले, तेही अशा थाटात, की सोनार लाजावा. पूड सपाट केली, दाबली. हँडल एका हातानं, न कण्हता न कुथता फिरलं आणि मधोमध येऊन थांबलं. बटण.

पंप जड आवाजात घुमायला लागला. कडेनं पाणी आलं नाही. एक थेंब नाही. चीफनी श्वास सोडला. पण कपातही काही आलं नाही. पंप घुमत राहिला. मग एक काळा थेंब आला, विचार करत लोंबकळला, आणि पडला. मग बराच वेळ काही नाही.

"गाळ," चीफ पुटपुटले. "मी म्हणत होतो."

"काय म्हणालात?"

"काही नाही."

बायकोनं मोबाईलवर अंगठा ठेवला. मिस्त्रीचं नाव पडद्यावर होतं. चीफना इथून ते वाचता येत होतं. चाळीस वर्षांत तिच्या हातातलं काहीच त्यांना इतकं स्पष्ट दिसलं नव्हतं. त्यांनी दीड हात जागेकडे पाहिलं. त्या जागी पोळपाट दिसला. मग दिवाणखाना दिसला, आणि तिथं उभा असलेला एक माणूस, ज्याला सगळे म्हणतायत, अहो, जरा सरका.

"एकदाच," ते म्हणाले. आणि मग, जो शब्द त्यांनी ना मंत्र्याला वापरला होता ना सासऱ्याला, तो त्यांच्या तोंडून गेला. "प्लीज."

तागडींनीसुद्धा मान दुसरीकडे वळवली. सभ्य माणसानं काही गोष्टी मोजू नयेत, एवढं त्यांनाही कळत होतं.

बायकोनं अंगठा उचलला.

चीफनी मशीन थांबवलं. लगेच आतून टिक् झालं आणि खालच्या ट्रेमध्ये फस्सकन पाणी पडलं.

"ही बघा! दुसरी गळती!" तागडी आनंदानं म्हणाले.

"ती गळती नाही," चीफ म्हणाले, आणि आज दुपारी पहिल्यांदा त्यांचा आवाज त्यांचा स्वतःचा होता. "तो सांडवा आहे. बटण बंद केलं की आतला उरलेला दाब मशीन स्वतः खाली सोडतं. नाही सोडला तर हँडल काढताना कॉफी तोंडावर उडेल. तो असायलाच हवा. फक्त ट्रे रिकामा करावा लागतो, नाहीतर तो भरून ओट्यावर येतो, आणि लोक म्हणतात, धरण फुटलं."

ट्रे काठोकाठ भरलेला होता. चीफनी तो स्वतः सिंकमध्ये ओतला, आणि हे काम हाताखालच्या माणसाचं असल्यासारखी मान ताठ ठेवली.

कडी त्यांनी दोन घरं मागं आणली. ताजं दळलं. तागडींनी न सांगता अठरा मोजले आणि रिकामा कप काट्यावर ठेवून काटा शून्य केला. "किती उतरायला हवी?"

"दुप्पट. अर्ध्या मिनिटाच्या आसपास."

"आसपास म्हणजे?"

"आसपास म्हणजे आसपास! हे रेशनचं दुकान नाही!"

बटण. पंप गुणगुणला. क्षणभर काही नाही. मग दोन बारीक धारा, गडद तपकिरी, उंदराच्या शेपटीएवढ्या, मधासारख्या संथ उतरायला लागल्या. वर पिवळसर तांबूस साय धरली. हँडलची कड कोरडी. ओटा कोरडा. सगळे वाकून बघत होते. कपात किती ते तागडी आकड्यात सांगत होते, आणि छत्तीस म्हणताच चीफनी बटण दाबलं. टिक्. फस्स. सांडवा.

दुसरा कप काढला, तिसरा काढला. तिन्ही तसेच. ताईंनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कडू आहे हो."

"कॉफी आहे ती," चीफ म्हणाले.

"मापात आहे," तागडींनी निकाल दिला. सगळ्या आयुष्यात या माणसानं कोणाला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र दिलं नसेल. बायकोनं मफलर सैल केला, कप उचलला, आणि संपवला. ती कप खाली ठेवते तेव्हा तळाशी किती उरलंय, हे चीफनी पाहिलं. काही उरलं नव्हतं.

आता बोलायला हरकत नव्हती. चीफ मशीनवर हात ठेवून उभे राहिले, जसे ते पूर्वी नकाशावर ठेवून फोटोला उभे राहायचे.

"एकूण काय, तर घाबरून मिस्त्रीकडे धावणं हे अडाण्याचं लक्षण. शास्त्र सांगतं, आधी निरीक्षण. हवा कुठं शिरते, पाणी कुठं अडतं, कुठं अडायला हवं आणि अडत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि मुख्य म्हणजे, यंत्राच्या मूळ रचनेत अडाण्यांनी ढवळाढवळ करायची नाही. मी नेहमी सांगत आलोय, पाण्याला..."

बायकोला टाकीत पाणी कमी दिसलं. ती मागं गेली, तिनं टाकी उचलली, सिंककडे नेली. टाकीच्या बुडाला काहीतरी चिकटलेलं होतं. चीफच्या घाईत एक कार्ड मागं राहिलं होतं. बिचारं ओलं होऊन झडपेच्या बाजूला पसरलं होतं, आणि शाई उत्तम प्रतीची असल्यामुळे अजून वाचता येत होतं.

तिनं ते नखानं हळूच सोडवलं. दोन बोटांत धरलं. वाचलं. मग टाकीची ती खाच पाहिली, कार्ड पाहिलं, आणि नवऱ्याच्या लेंग्याचा ओला खिसा पाहिला. तिला फार वेळ लागला नाही. चाळीस वर्षं ती याच मशीनबरोबर राहत होती.

चीफचं भाषण तोंडातच विरलं. तागडी चष्मा कपाळावरून खाली आणत होते. चीफनी डोळे मिटले.

"काय आहे गं ते?" ताईंनी विचारलं.

"काही नाही. कागद," बायको कुजबुजली. तिनं कार्डाची घडी केली, कचऱ्याच्या डब्यात टाकली, टाकी भरली, खाचेत ठेवली आणि वरून तळव्यानं दाबली. खट्. पाणी रेघेशी तिरकं उभं राहिलं. ते तिरकंच राहिलं.

पिठाचा डबा तिनं जमिनीवरून उचलला, आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, पोळपाटाला खेटून कसाबसा बसवला. दीड हात जागा होती तिथंच होती.

"आता तुमचं ते पाण्याचं शास्त्र राहू द्या," ती म्हणाली, आणि ओट्यावरचा पेला त्यांच्यापुढं सरकवला. "त्या नळीतून जरा अर्धा पेला गरम पाणी काढा बघू. मला गुळण्या करायच्यात."